मेंढीकोटाचे नियम विचारून उत्तर मिळाले, तरी डाव अडतोच: काय तपासावे आणि कधी थांबावे

कोल्हापुरात पत्त्यांच्या बैठकी वर्षभर चालतात. गणपतीची जागरणे सुरू झाली, की मात्र मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागतो: "मेंढीकोटाचे नियम काय?" विचारणाऱ्याला कोणीतरी प्रामाणिकपणे नियम सांगते, ते नियम चुकीचेही नसतात, आणि तरीही अर्ध्या तासाने तीच मंडळी त्याच डावावर अडून बसलेली असतात. आमच्या पेठेतल्या बैठकीत नव्या माणसाला खेळायला बसवण्याचे आणि वाद सोडवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की बहुतेक वेळा दोष प्रश्नातच सापडतो. मेंढीकोट या नावाखाली निदान तीन-चार प्रकार खेळले जातात. आपल्या बैठकीत कोणता प्रकार चालतो हे प्रश्नात सांगितले नाही, तर उत्तर देणारा स्वतःच्या घरचा प्रकार सांगतो, आणि ऐकणारा ते उत्तर आपल्या डावाला लावू पाहतो.

लक्षणे

सर्वांत खात्रीचे लक्षण म्हणजे डाव दर वेळी एकाच जागी थांबतो. पाने वाटली जातात, पहिले दोन-तीन हात सुरळीत होतात, आणि ज्या क्षणी कोणाकडे उतारीच्या रंगाचे पान नसते, त्या क्षणी चौघेही एकदम बोलू लागतात. कोणी म्हणतो हुकूम उघडा, कोणी म्हणतो आता टाकशील तोच हुकूम, आणि तिसरा म्हणतो की मारायची सक्ती नाही. तुमच्याकडे नेमके असे होत असेल, तर नियम विसरल्यामुळे हा घोळ झालेला नाही. दोन प्रकार एकाच डावात मिसळले गेले आहेत.

दुसरे लक्षण असे, की दोन जाणत्या माणसांना विचारले असता दोघेही ठामपणे उत्तर देतात आणि ती उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध असतात. अशा वेळी तिसऱ्याला विचारून बहुमत काढण्याचा मोह होतो, पण त्याने काही साधत नाही, कारण पहिली दोन्ही उत्तरे आपापल्या प्रकारात बरोबर असतात. याशिवाय वाटल्यावर पाने उरणे किंवा कमी पडणे, जिंकलेले हात कोणी उचलायचे याबद्दल गोंधळ होणे, आणि तीन मेंढ्या झाल्यावर एकाने पाने खाली ठेवणे व दुसऱ्याने "अजून डाव बाकी आहे" असे म्हणणे, हीही याच दोषाची लक्षणे आहेत.

तपासणी सुरू करण्यापूर्वी, ज्यावर सहसा वाद नसतो तेवढे नक्की करून घ्यावे. चौघे खेळतात, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात, ५२ पानांपैकी प्रत्येकाला १३ मिळतात, एक्का सर्वांत मोठा आणि दुर्री सर्वांत लहान. उतारीचा रंग हातात असेल, तर तोच टाकावा लागतो. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, आणि ज्या बाजूला तीन किंवा चार मेंढ्या मिळतील ती बाजू जिंकते. मेंढ्या दोन-दोन अशा वाटल्या गेल्या, तर ज्या बाजूने सात किंवा अधिक हात केले ती जिंकते. एकूण हात तेरा असल्यामुळे तिथे बरोबरी होऊच शकत नाही. एवढ्यावर सगळ्यांचे एकमत असेल, तर घोळ पुढे कुठेतरी आहे.

पहिली तपासणी: माणसे आणि पाने मोजा

या तपासणीला काही लागत नाही, म्हणून ती आधी करावी. सहा जण खेळत असतील, तर चारही दुर्‍या काढून ठेवतात. मग ४८ पाने राहतात, प्रत्येकाला आठ येतात, आणि एक आड एक बसलेले तिघे-तिघे भिडू होतात. हे सांगायला लोक विसरतात, कारण त्यांच्या दृष्टीने तो "आपला नेहमीचाच मेंढीकोट" असतो. पण चौघांच्या डावातला एक महत्त्वाचा नियम इथे मोडतो. हात आठ झाल्यामुळे मेंढ्या दोन-दोन आणि हातही चार-चार अशी पूर्ण बरोबरी होऊ शकते. चौघांच्या नियमांत याचे उत्तर मिळणार नाही, कारण तिथे हा प्रसंगच येत नाही. आमच्याकडे असा डाव बाद धरून त्याच माणसाने पुन्हा पाने वाटायची असे ठरले आहे. तुमच्याकडे वेगळे ठरलेले असू शकते, पण काहीतरी ठरलेले असायला हवे.

दोन जोड मिसळून खेळणारी मंडळीही आहेत. तिथे मेंढ्या आठ होतात आणि एका हातात दोन सारखी पाने पडू शकतात, म्हणजे बदामाचे दोन एक्के एकाच हातात आले तर आधीचा मोठा की नंतरचा, हा नवा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रश्न विचारताना "आम्ही इतके जण, एवढ्या पानांत खेळतो" हे पहिल्याच वाक्यात लिहावे. उत्तर देणाऱ्याचा निम्मा अंदाज त्यानेच चुकायचा थांबतो.

दुसरी तपासणी: नियम नेमक्या याच खेळाचे आहेत का

मेंढ्या गोळा करण्याचा खेळ फक्त आपल्याकडे आहे असे नाही. गुजरातेत तो मिंडी किंवा मिंडीकोट म्हणून ओळखला जातो आणि आपल्या प्रकाराच्या खूप जवळचा आहे. उत्तर भारतात मात्र दहला पकड नावाचा खेळ आहे. त्यातही दश्श्या मिळवायच्या असतात आणि हुकूमही असतो, त्यामुळे फोनवर नियम शोधताना किंवा बाहेरगावच्या मित्राला विचारताना दोन्ही खेळ सहज एकमेकांत मिसळतात.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. दहला पकडमध्ये जिंकलेला हात लगेच उचलत नाहीत. पाने मधेच साचू देतात, आणि एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात जिंकले की साचलेला सगळा ढीग त्याला मिळतो. मेंढीकोटात प्रत्येक हात जिंकणारा तो तेव्हाच उचलून आपल्या बाजूला ठेवतो. तुम्हाला मिळालेल्या नियमांत "लागोपाठ दोन हात" हे शब्द दिसले, तर ते नियम बाजूला ठेवावेत. त्यातला एखादा भाग उचलून आपल्या डावात बसवण्याचा प्रयत्न करू नये.

कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेल्या एका मुलाचा मला रात्री निरोप आला होता: "दादा, हुकूम उघडल्यावर मारायलाच लागतंय का?" खोलीवर चौघे होते, त्यातला एक गडहिंग्लजचा, दोघे सांगलीकडचे आणि एक उत्तरेकडचा. मी उत्तर देण्याआधी विचारले, "जिंकलेला हात लगेच उचलता का?" तो म्हणाला, "न्हाई, मधे ठेवतोय. दोनदा झालं की घेतोय." म्हणजे चौघांपैकी एकाने आपल्या गावचा दहला पकड आणला होता आणि बाकीच्या तिघांनी त्यावर आपला मेंढीकोट चढवला होता. त्याने विचारलेल्या सक्तीच्या प्रश्नाला तिथे उत्तरच नव्हते, कारण त्यांचा डाव कोणत्याच एका खेळाचा राहिला नव्हता. आधी हात लगेच उचलायचे ठरले, आणि मगच हुकमाच्या प्रश्नाकडे वळता आले.

तिसरी तपासणी: हुकूम कसा ठरतो

येथे मी सर्वांत जास्त वेळ घेतो, कारण मेंढीकोटातले बहुतेक वाद इथूनच निघतात. हुकूम ठरवण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली उघड्या हुकमाची. डाव सुरू होण्यापूर्वीच एखादे पान काढून किंवा पाने कापून हुकमाचा रंग ठरतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरी बंद हुकमाची. वाटणाऱ्याच्या शेजारचा, म्हणजे आधी ठरलेल्या बाजूचा खेळाडू, आपल्या हातातले एक पान निवडून पालथे ठेवतो. त्या पानाचा रंग हुकूम, पण तो उघडेपर्यंत फक्त त्यालाच ठाऊक असतो. तिसरी कट हुकमाची, जिला काही जण कट्टे म्हणतात. इथे डाव हुकमाशिवाय सुरू होतो, आणि ज्या खेळाडूला पहिल्यांदा उतारीचा रंग देता येत नाही, तो जे पान टाकेल त्याचाच रंग तिथून पुढे हुकूम होतो. मोबाइलवरच्या काही मेंढीकोटांतही सुरुवातीलाच हाइड की कट्टे असे विचारतात. ते याच दोन पद्धतींबद्दल असते.

हा फरक किती मोठा आहे, हे एका हातावरून दाखवतो. खेळ आत्या, सचिन, काका, वहिनी या क्रमाने चालला आहे, असे धरा. आत्या आणि काका भिडू, सचिन आणि वहिनी भिडू. आत्या बदामाचा एक्का उतरतात. सचिन बदामाची सत्ती टाकतो. काकांकडे बदामाची दश्शी आहे, आणि एक्का आपल्या भिडूचा असल्यामुळे ते निर्धास्तपणे मेंढी त्यावर सोडतात. आता शेवटचे पान वहिनींचे, आणि वहिनींकडे बदाम नाही. त्यांच्या हातात किलवरची तिर्री आणि चौकटची पंजी आहे, शिवाय आणखी काही पाने आहेत.

कट हुकूम असेल, तर वहिनी किलवरची तिर्री टाकतात, त्या क्षणी किलवर हुकूम होतो, आणि एवढ्याशा तिर्रीने एक्का आणि मेंढी दोन्ही वहिनींच्या बाजूला जातात. पंजी टाकली असती, तर चौकट हुकूम झाला असता आणि हात तरीही त्यांचाच झाला असता. म्हणजे आपल्या हातात कोणता रंग लांब आहे हे पाहून हुकूम निवडण्याची संधी वहिनींना मिळते.

बंद हुकूम असेल, आणि आत्यांनी झाकलेले पान चौकटचे निघाले, तर वहिनी पंजीने मारू शकतात आणि मेंढी त्यांना मिळते. पण झाकलेले पान इस्पिकचे असेल आणि वहिनींकडे इस्पिक नसेल, तर उघडूनही उपयोग नाही. तिर्री टाका किंवा पंजी टाका, हात आत्यांचाच. उघडा हुकूम असेल, तर काका आपल्या हातातली पाने पाहून आधीच अंदाज बांधू शकले असते, आणि वहिनींकडून मारले जाण्याची भीती वाटली असती, तर बदामाचे दुसरे पान असल्यास त्यांनी मेंढी सोडलीच नसती.

चारही पाने तीच असताना एक मेंढी कधी या घरात तर कधी त्या घरात जाते. म्हणून "रंग नसला तर काय करायचे?" या प्रश्नाला हुकमाची पद्धत सांगितल्याशिवाय कोणीही खरे उत्तर देऊ शकत नाही, आणि जो लगेच देतो तो आपली पद्धत तुमची समजून बोलत असतो.

कट हुकमातली आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. समजा, एक्का सचिनने म्हणजे वहिनींच्या भिडूने उतरलेला आहे, आणि वहिनींना बदाम नसल्यामुळे आपली चौकटची दश्शी त्यावर सोडून सुरक्षित करायची आहे. उघड्या हुकमात चौकट हुकूम नसेल, तर हे बिनधोक करता येते. कट हुकमात, अजून हुकूम ठरलेला नसताना, तीच दश्शी टाकली की चौकट हुकूम होऊन बसतो, मग तुमची इच्छा असो वा नसो. आपली मेंढी घरात येते, पण हुकमाचे एक मोठे पान खर्च होते, आणि कदाचित समोरच्यांचाच लांब रंग हुकूम ठरतो. तुमच्या बैठकीत "मी हुकूम लावत नाही, नुसते पान टाकतो" असे म्हणण्याची मुभा असेल, तर तो वेगळा पोटप्रकार झाला, आणि विचारताना तसे सांगायला हवे.

चौथी तपासणी: बंद हुकूम असेल तर चार गोष्टी

उघडा किंवा कट हुकूम खेळणाऱ्यांनी ही तपासणी सोडून दिली तरी चालेल. बंद हुकूम खेळणाऱ्यांनी मात्र या चार गोष्टी आपापसांत बोलून घ्याव्यात, आणि शक्य असेल तर एका कागदावर लिहून ठेवाव्यात.

पहिली, हुकूम केव्हा झाकायचा. पाने पाच, मग चार, मग चार अशी वाटण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. काही बैठकींत पहिली पाच पाने पाहूनच हुकूम झाकावा लागतो, तर काहींत तेराही पाने पाहून. पाच पानांत निवडणारा बराचसा अंदाजाने खेळतो, तेरा पाहणारा पुरता हिशेब करतो.

दुसरी, रंग नसेल तर हुकूम आपोआप उघडतो, की मागितला तरच. आपोआप उघडण्याच्या पद्धतीत पहिला रंग संपलेला खेळाडू सापडला की झाकलेले पान उलटे केले जाते आणि ते मालकाच्या हातात परत जाते. मागून घेण्याच्या पद्धतीत रंग संपलेल्याने "हुकूम उघडा" असे म्हटले तरच ते उघडते, नाहीतर तो कोणतेही पान टाकू शकतो आणि रहस्य तसेच राहते. वरच्या उदाहरणात एक्का सचिनचा असता, तर वहिनींनी हुकूम मागितलाच नसता.

तिसरी, मागितल्यावर मारण्याची सक्ती आहे का. कागलच्या त्या मुलाचा मूळ प्रश्न हाच होता. ज्याने हुकूम उघडायला लावला त्याच्याकडे हुकमाचे पान असेल, तर त्याने ते टाकलेच पाहिजे, असा कडक नियम काही ठिकाणी आहे, आणि मला तो योग्य वाटतो, कारण तो नसेल तर खेळाडू केवळ माहिती काढण्यासाठी हुकूम उघडायला लावतो आणि पान टाकतो भलतेच. त्या मुलाला मी हेच सांगितले, पण हेही सांगितले की हे माझे मत आहे. खोलीतल्या चौघांना दुसरे काही ठरवायचे असेल, तर डाव सुरू होण्यापूर्वी ठरवावे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी विचारली जाणारी. झाकलेले पान हातात धरायचे की नाही? हुकूम झाकणाऱ्या आत्यांकडे इस्पिकचे एकच पान होते आणि तेच त्यांनी झाकले, असे समजा. पुढे कोणीतरी इस्पिक उतरले. आत्यांच्या हातात दिसणाऱ्या बारा पानांत इस्पिक नाही. त्यांनी पालथे पान उचलून टाकायचे, म्हणजे हुकूम उघडा करायचा, की "माझ्याकडे इस्पिक नाही" असे धरून दुसरे पान टाकायचे? दोन्ही प्रकारे खेळणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या पद्धतीत एकटे पान झाकणे धोक्याचे ठरते, दुसऱ्या पद्धतीत ती एक चाल होऊ शकते. आधी ठरलेले नसेल, तर आत्यांवर पान लपवल्याचा आरोप होतो, आणि हा आरोप पानांच्या वादापेक्षा फार लांब जातो. कोणी हुकूम उघडायला लावलाच नाही, तर शेवटच्या, तेराव्या हाताला ते पान खेळावेच लागणार, कारण आत्यांकडे दुसरे पान उरलेले नसते. तो हात हुकूम उघडा समजून खेळायचा की साधा, हेही त्याच वेळी ठरवून टाकावे.

पाचवी तपासणी: कोट कशाला म्हणता, आणि पुढची वाटणी कोणाची

चारही मेंढ्या एका बाजूला आल्या, की कोट. तेराचे तेरा हात एकाच बाजूने केले, तर तो ५२ पानांचा कोट. एवढे बहुधा सगळीकडे सारखे असते. कोटाला साध्या जिंकण्यापेक्षा किती जास्त धरायचे, हे मात्र प्रत्येक बैठकीचे आपले असते, आणि ते कोणा बाहेरच्याला विचारण्यात अर्थ नाही. तीन मेंढ्या झाल्यावर डाव तिथेच संपवणे सोयीचे असते, पण कोट वेगळा मोजत असाल, तर चौथी मेंढी पडेपर्यंत खेळावेच लागेल, आणि ५२ पानांचा कोट वेगळा मोजत असाल, तर एकही हात न गमावलेल्या बाजूला शेवटपर्यंत खेळू द्यावे लागेल. पाने लवकर खाली ठेवण्यावरून होणारा वाद इथे मिटतो.

पाने कोणी पिसायची, याबद्दलही विचारून घ्यावे. हरणाऱ्या बाजूनेच पुन्हा वाटायची अशी रीत अनेकांकडे आहे, आणि मोठी हार झाली तर वाटणी भिडूकडे जाते. खेळ उजवीकडून चालतो की डावीकडून, हे वाटणीच्या वेळी एकदा मोठ्याने सांगितले, तर हुकूम झाकण्याचा आणि पहिल्या उतारीचा मान कोणाचा हे आपोआप कळते.

सहावी तपासणी: एक डाव उघड्या पानांनी

वरच्या पाच तपासण्यांनंतरही घोळ राहिला, तर हा उपाय करावा. त्याला वेळ लागतो आणि सगळ्यांची तयारी लागते, म्हणून तो शेवटी ठेवला आहे. पाने नेहमीसारखी वाटावीत, आणि चौघांनीही आपली तेरा पाने रंगवार लावून सतरंजीवर उताणी मांडावीत. गुण मोजू नयेत. प्रत्येक जण पान टाकताना "मी हे टाकू शकतो, कारण..." असे एक वाक्य बोलतो. ज्या जागी दोघांची कारणे जुळत नाहीत, तिथे थांबून ती जागा लिहून घ्यावी आणि पुढे खेळत राहावे. तोंडी चर्चेत जे तासभर सापडत नाही, ते इथे बहुधा एका डावात दिसते, कारण माणसाला आपला नियम शब्दांत सांगता येत नसला तरी पान समोर असताना तो बरोबर तसाच खेळतो.

त्या रात्रीच्या खोलीत हेच करायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने लिहून पाठवलेला प्रश्न असा होता: "आम्ही चौघे, ५२ पाने, बंद हुकूम. तेरा पाने बघून झाकतो. रंग नसला तर मागून उघडतो. जिंकलेला हात लगेच उचलतो. मागून उघडलेल्याने मारायलाच पाहिजे का, आणि झाकलेलं पान हातातलं धरायचं का?" आदल्या दिवशीचा प्रश्न आणि हा प्रश्न यांत फरक असा, की याला दोन ओळींत उत्तर देता आले: मारायची सक्ती ठेवा, आणि झाकलेले पान हातातलेच धरा, म्हणजे त्या रंगाची उतारी आली आणि दुसरे पान नसेल, तर ते उघडून टाकावे लागेल. तुम्हाला विचारायचे असेल, तर याच क्रमाने लिहावे: माणसे, पाने, हुकमाची पद्धत, हात केव्हा उचलता, आणि मग नेमके अडलेले ठिकाण. गावाचे नाव लिहिले तर चांगलेच, पण ते पुरेसे नाही. एकाच पेठेत दोन गल्ल्यांत दोन पद्धती सापडतात, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेबरोबर तिसरी घरात येते.

कधी थांबावे

घरातल्या किंवा मित्रांच्या डावात सहावी तपासणी करूनही एकमत झाले नाही, तर आणखी नियम शोधू नयेत. ज्यांच्याकडे बैठक भरते त्या घरच्या मोठ्या माणसाला किंवा जे सर्वांत आधीपासून तिथे खेळत आले आहेत त्यांना निर्णय द्यायला सांगावे, आणि तो त्या रात्रीपुरता सगळ्यांनी मानावा. बाहेरच्या जाणकाराला तुमच्या बैठकीचा अंतिम निर्णय देण्याचा अधिकार नाही. मला विचारलेत, तर मीही हेच उत्तर देईन.

मंडळाने किंवा तालमीने स्पर्धा ठेवली असेल, तर आपला अनुभव बाजूला ठेवून आयोजकांकडून लेखी नियम घ्यावेत. ते फलकावर लावलेले नसतील, तर पहिला डाव सुरू होण्यापूर्वी हुकमाची पद्धत आणि बरोबरीचा नियम एवढे दोन तरी मागावेत. सामना सुरू झाल्यावर पंच जे सांगतील ते अंतिम. तिथे "आमच्यात असं खेळत नाहीत" हे म्हणणे चालणार नाही.

डावात पैसे असतील, तर इथे थांबावे आणि वकिलाला विचारावे. महाराष्ट्रात याबाबत १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. पण कोणता खेळ त्यात बसतो, हे खेळाच्या सर्वसाधारण नावावरून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात तेरा पानी रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्याच निकालात तीन पानी खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले. तो निकाल मेंढीकोटाबद्दल नाही, आणि त्यावरून आपल्या बैठकीला सूट आहे असा अर्थ कोणी काढू नये. वकिलाकडे जातानाही कोणता प्रकार, किती पाने, पैसे कशावर लावले जातात आणि जागा देणारा त्यातून काही घेतो का, हे लिहून न्यावे, कारण यातल्या शेवटच्या गोष्टीवरच बरेच काही अवलंबून असते.